नऊ चेंडू, दोन तोलण्या आणि बाजूला ठेवलेले तीन

प्रश्न: नऊ चेंडू दिसायला अगदी सारखे, त्यातला एकच जड. दोन पारड्यांचा तराजू दोनदाच वापरून तो शोधायचा. मुलीला विज्ञान प्रदर्शनात हे मांडायचंय. तीन-तीनचे गट करायचे हे पाठ आहे, पण का ते सांगता येत नाही. चार-चार केले तर कधी कधी पहिल्याच खेपेला सापडतो, मग ती रीत वाईट कशी? आणि सासऱ्यांच्या दुकानातल्या जुन्या तागडीवर करून बघितलं तर शेवटी उरलेला चेंडू जड असं उत्तर आलं, तो तर साधाच निघाला. चूक कुठे? परीक्षक पुढे काय विचारतील? (देवगडहून)

ताई, चूक तुमच्या रीतीत नाही, तागडीत आहे. ती कुठल्या प्रकारची आहे हेही 'शेवटी उरलेला चेंडू' एवढ्यावरून बरंचसं कळतं. पण आधी तुमचा 'का' सोडवू, कारण तागडीचं दुखणं त्यातूनच उलगडतं.

मी दक्षिण कोकणातल्या शाळांमध्ये गणित शिकवत आलोय. हे कोडं मी फळ्यावर घेत नाही, समोर तागडी ठेवूनच घेतो. सुरुवातीला मुलांना एकच प्रश्न विचारतो: ही तागडी किती प्रकारची उत्तरं देते? बहुतेक मुलं 'दोन' म्हणतात. डावं पारडं खाली किंवा उजवं पारडं खाली. दोन्ही पारडी समपातळीत राहिली तर त्यांच्या मते काहीच घडलेलं नसतं. सगळं कोडं इथेच अडतं. काटा मधोमध उभा राहिला हेही उत्तरच आहे, आणि ते इतर दोन उत्तरांइतकंच ठाम आहे. ते सांगतं की पारड्यातल्या चेंडूंपैकी एकही जड नाही. म्हणजे जड चेंडू बाहेर ठेवलेल्यांत आहे.

एकदा हे समजावून झाल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "मगे तेंका कित्याक तोलूचे?" पोराने नेमकं बोट ठेवलं होतं. बाहेर ठेवलेल्या गटाला पारड्यात घालायची गरजच नाही. दोन गट तोलले की तिसऱ्याचा निकाल आपोआप लागतो. एका तोलणीत तीन गटांचा निवाडा होतो, आणि दोनच गट करणारा माणूस त्यातला एक निवाडा फुकट घालवतो.

हा निवाडा दोन अटींवर चालतो. जड चेंडू एक आणि एकच आहे, तो नक्की आहे, आणि तो जडच आहे (हलका नाही), हे आधीपासून ठाऊक हवं. आणि दोन्ही पारड्यांत चेंडूंची संख्या सारखी हवी. एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला तीन ठेवले तर चारांचं पारडं एरवीही खालीच जाणार. त्यातून जड चेंडूबद्दल काहीच कळत नाही, तोलणी मात्र खर्च होते. पहिली अट लोक वाचून सोडून देतात. परीक्षक तिच्यावरच घसरणार आहेत, म्हणून ती लक्षात ठेवा.

आता एकदा प्रत्यक्ष करू. चेंडूंना १ ते ९ नंबर द्या आणि समजा ५ नंबरचा जड आहे, पण आपल्याला ते माहीत नाही. डाव्या पारड्यात १, २, ३ आणि उजव्यात ४, ५, ६ ठेवले. ७, ८, ९ मेजावरच राहिले. उजवं पारडं खाली गेलं. एका फटक्यात सहा चेंडू बाद झाले: डावीकडचे तीन वर गेले म्हणून, आणि मेजावरचे तीन काटा मध्यावर राहिला नाही म्हणून. उरले ४, ५, ६. दुसऱ्या तोलणीत ४ डावीकडे, ५ उजवीकडे, ६ मेजावर. उजवं खाली, म्हणजे ५. डावं खाली गेलं असतं तर ४, आणि काटा मधोमध राहिला असता तर ६. पुन्हा तीच रीत, फक्त गट एकेका चेंडूचा झाला.

पण 'तीन-तीन ही युक्ती आहे' असं मुलीला सांगू देऊ नका. ती युक्ती नाही, नाइलाज आहे, आणि तो उलट्या बाजूने विचार केला की दिसतो. फक्त एकच तोलणी शिल्लक आहे असं समजा. तिची तीनच उत्तरं येऊ शकतात, म्हणजे तिच्याने जास्तीत जास्त तीन चेंडूंतला जड वेगळा काढता येईल. चार संशयित उरले तर त्यातल्या कुठल्या तरी दोघांना एकच उत्तर वाट्याला येणार आणि आपण त्या दोघांत अडकणार. म्हणून पहिल्या तोलणीनंतर, उत्तर कुठलंही येवो, तीनापेक्षा जास्त संशयित उरता कामा नयेत. डावं पारडं खाली गेलं तर संशयित डावीकडचे, म्हणून डावीकडे फार तर तीन. उजवीकडेही फार तर तीन. आणि काटा मध्यावर राहिला तर संशयित मेजावरचे, म्हणून मेजावरही फार तर तीन. तीन, तीन आणि तीन मिळून नऊ. चेंडू नेमके नऊच असतील तर दुसरी कुठलीही वाटणी बसतच नाही.

याच हिशोबाने दहा चेंडू दोन तोलण्यांत का होत नाहीत हेही सिद्ध होतं. दहा चेंडू तीन जागी वाटले की कुठल्या तरी एका जागी चार किंवा जास्त येणारच. जड चेंडू नेमका त्या गटात असला की संपलं. कोणाला सुचलेली नवी हुशारी इथे कामाला येत नाही, कारण आपण कुठल्या विशिष्ट रीतीबद्दल बोलतच नाही आहोत. तागडीच्या उत्तरांची संख्याच मोजतो आहोत. तीन तोलण्या मिळाल्या तर सत्तावीस चेंडूंपर्यंत मजल जाते: आधी नऊ-नऊ-नऊ, मग आपण वर केलं तेच.

आता तुमचं चार-चार. तुम्ही म्हणता ते खरं आहे. चार डावीकडे, चार उजवीकडे आणि एक बाहेर ठेवला, आणि काटा मध्यावर राहिला, तर बाहेरचा चेंडू पहिल्याच खेपेला सापडला. पण हे नशीब नऊपैकी एकदाच. उरलेल्या आठ वेळा हातात चार संशयित येतात, आणि चारांसाठी एक तोलणी पुरत नाही हे आपण आत्ताच पाहिलं. त्यांच्यातही जुगार खेळता येतो: चारांपैकी एकास एक तोलायचे आणि दोन बाहेर ठेवायचे. पारडं झुकलं तर दोन तोलण्यांत काम झालं, नाही झुकलं तर तिसरी लागली. नऊही शक्यतांची बेरीज करा. एकदा एक तोलणी, चार वेळा दोन, चार वेळा तीन. एकूण एकवीस, म्हणजे सरासरी दोनापेक्षा थोडी वरच. तीन-तीनमध्ये प्रत्येक वेळी दोन, एकूण अठरा. तेव्हा 'कधी कधी लवकर सापडतो' म्हणून चार-चार चांगली म्हणावी, तर सरासरीतही ती मागे पडते. वाईटात वाईट वेळी तर मागे आहेच, आणि कोड्याची अट त्या वाईट वेळेबद्दलच असते. 'दोनदाच' म्हणजे जड चेंडू कुठेही लपलेला असला तरी दोनदाच.

मग निम्मे-निम्मे करायची सवय आपल्याला लागते कुठून? जिथे प्रश्नाला हो किंवा नाही अशी दोनच उत्तरं असतात, तिथे ती सवय अगदी बरोबर असते. स्वयंपाकघरातला एका पाटाचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. साध्या चेंडूचं वजन माहीत आहे असं धरा. त्या काट्यावर काही चेंडू ठेवले तर आकडा इतकंच सांगतो की जड चेंडू यांच्यात आहे किंवा नाही. दोनच उत्तरं. तिथे निम्मेच करावे लागतात, आणि नऊ चेंडूंसाठी वाईटात वाईट चार तोलण्या लागतात, कारण तीन तोलण्यांत दोन-दोनच्या पटीने आठांपर्यंतच पोचता येतं. म्हणजे ग्रॅमचा आकडा दाखवणारा महागडा काटा या कोड्यात जुन्या तागडीपुढे हरतो. प्रदर्शनात दोन्ही शेजारी शेजारी मांडा. लोक थांबून बघतील, आणि मुलीला 'तीन का' हे तोंडाने फारसं सांगावंच लागणार नाही.

मांडणीबद्दल आणखी एक सुचवतो, कारण मला ती नेहमीच्या रीतीपेक्षा जास्त आवडते. नेहमीच्या रीतीत दुसऱ्या तोलणीत काय ठेवायचं हे पहिलीच्या निकालावर ठरतं. पण दोन्ही तोलण्या आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवता येतात. फुल्ली-गोळ्याला आखतो तशी नऊ घरं आखा आणि चेंडू ओळीने मांडा: वरच्या ओळीत १, २, ३, मधल्या ओळीत ४, ५, ६, खालच्या ओळीत ७, ८, ९. पहिल्या तोलणीत वरची ओळ डाव्या पारड्यात, खालची ओळ उजव्यात. चेंडू परत आपापल्या घरात ठेवा. दुसऱ्या तोलणीत डावा उभा रकाना, म्हणजे १, ४, ७, डाव्या पारड्यात आणि उजवा उभा रकाना, म्हणजे ३, ६, ९, उजव्यात. पहिली तोलणी ओळ सांगते, दुसरी रकाना. समजा पहिल्या वेळी उजवं पारडं खाली गेलं, म्हणजे खालची ओळ. दुसऱ्या वेळी काटा मध्यावर राहिला, म्हणजे मधला रकाना. खालची ओळ आणि मधला रकाना जिथे भेटतात तिथे ८ आहे, तोच जड. प्रत्येक चेंडूच्या वाट्याला उत्तरांची एक वेगळी जोडी येते, आणि अशा जोड्या नऊच आहेत. दहावा चेंडू ठेवायला घरच उरत नाही, हे बघणाऱ्याला दिसतं.

या मांडणीचा एक तोटा आहे. तिच्यात दुसऱ्या वेळीही तीनास तीन तोलावे लागतात, एकास एक नाही. तुमची तागडी जशी आहे तशी राहिली तर हा तोटा महागात पडेल. तेव्हा आता तागडीकडे वळू.

दोन्ही वेळा काटा मध्यावर राहिला की उत्तर म्हणून असा चेंडू निघतो जो एकदाही पारड्यात चढलेला नाही. नेहमीच्या क्रमाने केलं असेल तर तो ९ नंबरचा. तुम्हाला तोच मिळाला आणि तो साधा निघाला, याचा अर्थ दोनपैकी कुठल्या तरी तोलणीत, बहुधा पहिल्याच, जड चेंडू पारड्यात असूनही तागडी हललीच नाही. ती सुस्तावली आहे. आपल्याकडे याचं कारण बहुतेकदा खारी हवा. दांडी मधोमध ज्या पोलादी धारेवर टेकून डोलते, ती धार आणि ती जिथे टेकते ती खाच गंजली की थोड्याथोडक्या वजनाने दांडी हलत नाही. पारडी ज्या आकड्यांना लटकतात त्यांचंही तसंच. त्यात पारड्यांवर भार जितका जास्त, तितकी धार दाबली जाते आणि घासण वाढते. म्हणून असा तराजू रिकामा असताना छान डोलतो आणि माल भरला की गप्प बसतो. रिकामी पारडी डोलताना बघून 'तागडी ठीक आहे' म्हणणं इथे फसवं ठरतं.

तपासायचं असं. दोन्ही पारड्यांत तीन-तीन साधे चेंडू ठेवा आणि दांडीला बोटाने हलका धक्का द्या. चांगली दांडी काही वेळ डोलेल आणि दर वेळी त्याच जागी येऊन थांबेल. सुस्त दांडी जिथे सोडाल तिथे थांबते, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग एका पारड्यात चिमटीचिमटीने तांदूळ टाकत जा आणि काटा स्पष्टपणे सरकतो तेव्हा थांबा. ते तांदूळ इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजा. समजा चार ग्रॅम भरले, आणि तुमचा जड चेंडू साध्यापेक्षा तीनच ग्रॅमने जास्त आहे. मग तीनास तीनच्या तोलणीत तो कधीच पकडला जाणार नाही, तुम्ही कितीही काळजीने तोला. धार आणि खाच कोरड्या फडक्याने पुसून गंज काढून बघा. धारेवर कानस मात्र चालवू नका, ती बोथट झाली की तागडी कायमची गेली. फरक पडला नाही तर दुरुस्तीवाल्याकडे द्या किंवा दुसरी मिळवा.

दुसऱ्या प्रकारची खोटी तागडी याच्या उलट चुकते. ती गप्प बसत नाही, ती नेहमी एकाच बाजूला झुकते, आणि मग उत्तर म्हणून असा चेंडू निघतो जो दोन्ही वेळा त्याच बाजूच्या पारड्यात होता. याचं सोपं कारण रिकामी पारडी समान नसणं. दुकानदार त्यावर पासंग बांधतात आणि काटा मध्यावर आणतात. पण पासंगाने रिकामी तागडी सरळ होते, दांडीच्या दोन बाजूंची लांबी सारखी होत नाही. समजा मधल्या धारेपासून डावं टोक २० सेंटिमीटरवर आहे आणि उजवं १९.८ वर. फरक दोन मिलिमीटरचा, डोळ्याला दिसणारही नाही. दोन्हीकडे साठ-साठ ग्रॅमचे तीन चेंडू, म्हणजे १८० ग्रॅम, ठेवले तर डावी बाजू जवळजवळ दोन ग्रॅम जास्त असल्यासारखी वागेल. एकेक चेंडू ठेवला तर हीच चूक अर्ध्या ग्रॅमाहूनही थोडी जास्त, एवढीच राहते. भाराबरोबर वाढणारी चूक पासंगाने जात नाही, कारण पासंग ठरलेल्या वजनाचा असतो.

ही चूक ओळखायची रीत सोपी आहे. दोन्ही पारड्यांतले चेंडू अदलाबदल करा. जड चेंडूमुळे झुकत असेल तर झुकणारी बाजूही बदलेल. बाजू तीच राहिली तर चेंडू निर्दोष आहेत, दांडी खोटी आहे. कोड्याच्या नियमात ही अदलाबदल तिसरी तोलणी धरली जाते, म्हणून ती प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी घरी करायची, परीक्षकांसमोर नाही.

आता चेंडूंची बाजू. 'आठ सारखे' हे कोड्यात म्हणायला सोपं, पण हाताने भरलेले आठ चेंडू कधीच अगदी सारखे नसतात. माझ्या मुलांनी प्लॅस्टिकच्या पोकळ चेंडूंना भोक पाडून आत पुळण भरली होती आणि मेणाने तोंड बंद केलं होतं. कल्पना चांगली आहे, वाळूही फुकट. ती आधी उन्हात खडखडीत वाळवा मात्र, ओली-सुकी मिसळली तर आज सारखे केलेले चेंडू आठवड्याने सारखे राहत नाहीत. प्रत्येक चेंडू काट्यावर साठ ग्रॅमचा केला तरी अर्धा ग्रॅम इकडेतिकडे राहतोच. एका पारड्यात तिघेही अर्धा ग्रॅम जास्तीचे आणि दुसऱ्यात तिघेही अर्धा ग्रॅम कमीचे आले, तर जड चेंडू मेजावर असतानाही पारड्यांत तीन ग्रॅमचा फरक पडतो. उलट जड चेंडू पारड्यात असेल आणि नशीब उलटं फिरलं, तर त्याचं जास्तीचं वजन याच तीन ग्रॅमने कमी दिसतं. हे दोन प्रसंग एकमेकांत मिसळू नयेत असं वाटत असेल तर जड चेंडूचं जास्तीचं वजन सहा ग्रॅमपेक्षा मोठं हवं. मी दहा धरा म्हणेन: साधे साठचे, जड सत्तरचा. एकास एकच्या तोलणीत हाच गोंधळ फार तर एका ग्रॅमचा असतो. म्हणून घरी केलेल्या प्रयोगात चूक जवळजवळ नेहमी पहिल्या तोलणीत होते, दुसरीत क्वचित.

दहा ग्रॅमचा फरक हाताला कळतो, हे मात्र आहे. शाळेत पोरं तागडीला हात लावायच्या आधी चेंडू तळहातावर झेलून 'हा' म्हणून मोकळी होतात, आणि बरोबर असतात. चेंडू अर्धवट भरलेले असतील तर कानाशी हलवूनही ओळखतात. तेव्हा आत वाळूच्या वर कापूस ठासा, आणि चेंडू फक्त मुलीने हाताळायचे असा नियम ठेवा. पाहुण्याने नंबर सांगायचा, ती उचलून पारड्यात ठेवेल.

निघालेलं उत्तर खरं की खोटं हे बघण्यासाठी शेवटी तो चेंडू एखाद्या साध्या चेंडूसमोर एकटा तोलून दाखवा. ही तोलणी शोधण्याची नाही, पुराव्याची, असं आधीच सांगून टाका म्हणजे कोणी आक्षेप घेणार नाही. भार कमी असल्यामुळे तागडी इथे सगळ्यात जास्त विश्वासाची असते.

राहिले परीक्षक. पहिला प्रश्न बहुधा 'आठ चेंडू असते तर?' हा येईल. आठ म्हटलं की हात आपोआप चार-चार करायला जातो आणि तीन तोलण्या लागतात. मुलीने तीन-तीन-दोन करावं. पारडं झुकलं तर तीन संशयित, नाही झुकलं तर दोन, दोन्हीकडे एक तोलणी पुरते. आठांना तीनाने भाग जात नाही म्हणून काही बिघडत नाही. पारड्यांत सारखे आणि कुठल्याही गटात तीनापेक्षा जास्त नाहीत, एवढं पुरे.

दुसरा प्रश्न जरा वरचा: 'कदाचित एकही जड नसेल, तर?' इथे पहिली अट मोडली. नऊ चेंडू असतील तर शक्यता दहा झाल्या, नऊ चेंडूंच्या नऊ आणि 'एकही नाही' ही दहावी. दोन तोलण्यांना उत्तरांच्या जोड्या नऊच आहेत, म्हणून हे होणारच नाही. आठ चेंडू असतील तर शक्यता बरोबर नऊ होतात, आणि तीच तीन-तीन-दोन वाटणी चालते. पहिल्यांदा काटा मध्यावर राहिला तर उरलेले दोन एकमेकांसमोर ठेवायचे. डावं खाली, उजवं खाली, किंवा पुन्हा मध्यावर, म्हणजे जड कोणीच नाही. 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' या मासिकात १९४५ साली ई. डी. शेल यांनी विचारलेलं कोडं हेच होतं: आठ नाणी, फार तर एक खोटं आणि म्हणून हलकं, तागडी दोनदाच. त्यात आठच का घेतले, हे या हिशोबानंतर मुलगी स्वतः सांगू शकेल.

तिसरा प्रश्न असा असू शकतो: 'वेगळा चेंडू जड आहे की हलका हे माहीत नसेल तर?' नऊ चेंडू, प्रत्येक जड किंवा हलका, शक्यता अठरा. तो ओळखून जड की हलका हेही सांगायचं, तर दोन तोलण्या पुरत नाहीत, तीन मात्र पुरतात. तीन-तीनचे क, ख आणि ग असे गट करा. आधी क विरुद्ध ख तोला, मग निकाल काहीही लागो, क विरुद्ध ग तोला. समजा पहिल्यात क खाली गेला आणि दुसऱ्यात क आणि ग सम राहिले. म्हणजे क आणि ग दोन्ही निर्दोष, वेगळा चेंडू ख मध्ये आहे, आणि ख वर गेला होता म्हणून तो हलका. दोन्ही वेळा क खाली गेला तर वेगळा चेंडू क मध्ये आणि जड. दोन्ही वेळा क वर गेला तर क मध्येच, पण हलका. पहिल्यात सम राहून दुसऱ्यात ग खाली गेला तर ग मध्ये आणि जड. अशा रीतीने दोन तोलण्यांत गटही कळतो आणि जड की हलका हेही कळतं. तिसऱ्या तोलणीत त्या गटातले दोन चेंडू एकमेकांसमोर ठेवायचे आणि तिसरा मेजावर.